सात महिन्यांच्या ‘लेइ’नंतर ‘तू’ कसं सुचवायचं?

प्रश्न: मी इचलकरंजीत लूमच्या सुट्या भागांची आयात बघतो. बर्गामोजवळच्या एका कंपनीतल्या बाईंशी सात महिने इटालियनमध्ये ईमेल चालू आहेत. दोन्हीकडून ‘लेइ’, म्हणजे आदरार्थी संबोधन. हल्ली त्या नुसतं माझं नाव घालून ‘बुओनजोर्नो’ लिहितात आणि खाली फक्त स्वतःचं पहिलं नाव. मी चौतीस वर्षांचा, त्या बहुधा पन्नाशीच्या. ‘तू’वर येऊया असं मी सुचवलं तर उद्धटपणा होईल का? नेमकं लिहू काय? आणि नाही म्हणाल्या तर?

उत्तर:

मी पुण्यात इटालियन शिकवते. त्याआधी बरीच वर्षं मिलानमध्ये यंत्रं विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या लोकांमध्ये दुभाषी म्हणून बसले. तुमच्यासारखा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणाऱ्याला एक वाक्य हवं असतं, पण बहुतेक वेळा घोटाळा त्या वाक्यात नसतो. तो ‘तू’ या शब्दाचं वजन मराठी काट्यावर करण्यात असतो.

इटालियन ‘तू’ आणि आपला ‘तू’ एकाच मुळातून आलेले आहेत. उच्चारही जवळजवळ तोच, जीभ दातांना लावून म्हटलेला. त्यामुळे पन्नाशीच्या बाईंना ‘तू’ लिहायचं म्हटलं की आपला हात अडखळतो. आपल्याकडे ‘तू’ वरून खाली जातो. साहेब शिपायाला तू म्हणतात, शिपाई साहेबांना तुम्ही. सासूबाई सुनेला तू म्हणतात, सून अहो आई म्हणते, आणि यात कोणालाच काही खटकत नाही. आईला आणि देवाला मात्र आपण खालून वर ‘तू’ म्हणतो, कारण तिथे जवळीक मानापेक्षा मोठी असते. म्हणजे मराठी ‘तू’ एकतर्फी चालू शकतो.

नोकरी-व्यवसायातल्या दोन प्रौढ इटालियन माणसांमध्ये तो तसा चालत नाही. त्यासाठीचा वाक्प्रचारच ‘दार्सी देल तू’ आहे, म्हणजे एकमेकांना तू देणं. दोघांनी एकाच वेळी, सारखंच. एकाने तू म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘लेइ’ म्हणत राहायचं, हे शिक्षक आणि शाळकरी मुलगा यांच्यात चालतं. खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यात तसं झालं तर कोणीतरी कोणाचा तरी अपमान करतंय असं दिसतं. म्हणून तुम्ही सुचवणार आहात तो करार आहे. मान कमी करायची परवानगी तुम्ही मागत नाही. हे डोक्यात बसलं की वाक्य कसं असावं तेही आपोआप कळायला लागतं.

‘लेइ’ हा शब्दसुद्धा मराठी माणसाला समजायला सोपा आहे, फक्त तो ‘तुम्ही’ नाही. त्याचा शब्दशः अर्थ ‘ती’. जुन्या दरबारी भाषेत समोरच्याला थेट न बोलता ‘आपली सिन्योरिया’ असं म्हणायचे. तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून पुढे त्याच्या जागी ‘ती’ आलं आणि क्रियापदही तृतीय पुरुषाचं राहिलं. आपल्याकडे ‘महाराजांनी आसनस्थ व्हावं’ किंवा ‘साहेबांनी एकदा बघून घ्यावं’ म्हणतात, अगदी तीच तऱ्हा. मुसोलिनीच्या राजवटीने 1938 मध्ये या ‘लेइ’वर बंदीची मोहीम काढली आणि त्याच्या जागी अनेकवचनी ‘वोइ’ लादलं. ‘लेइ’ नावाचं एक बायकांचं मासिक होतं, त्यालाही नाव बदलून ‘अन्नाबेल्ला’ व्हावं लागलं. राजवट गेली, ‘लेइ’ परत आलं. दक्षिणेत ‘वोइ’ अजूनही कानावर पडतं, पण बर्गामोच्या ऑफिसातून तुम्हाला ते एका माणसासाठी येणार नाही.

आता पुढाकार कोणी घ्यायचा. जुना रिवाज असा की वयाने मोठा, पदाने मोठा किंवा दोघांमधली बाई यांनी सुचवावं. या तिन्हीपैकी वय आणि स्त्री असणं ही दोन पारडी त्या बाईंकडे आहेत. तेवढ्यावर मी तुम्हाला ‘थांबा’ म्हटलं असतं. पण तुम्ही गिऱ्हाईक आहात, आणि व्यवहारात ते पारडं जड असतं. मी ज्या विक्री विभागांत बसले तिथे गिऱ्हाइकाला आपणहून ‘तू’ सुचवायचं नाही, हे न सांगता सगळ्यांना कळलेलं असायचं. गिऱ्हाइकाने विषय काढला की मात्र त्याच दिवशी सगळे ‘चाओ’वर. त्यामुळे असंही असू शकेल की तुम्ही वयामुळे त्यांची वाट बघताय आणि त्या तुम्ही गिऱ्हाईक म्हणून तुमची. अशा जोड्या वर्षानुवर्षं ‘लेइ’त अडकून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, दोघांनाही मनातून ते अवघड होत असताना. उलट तुम्ही पुरवठादार असता आणि त्या खरेदीदार, तर मी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं असतं.

परिस्थितीवर किती अवलंबून आहे तेही सांगते. उत्तरेकडच्या कारखान्यांमध्ये, आयात-निर्यातीच्या टेबलांवर लोक चटकन ‘तू’वर येतात. तिशीतली माणसं तर कधी कधी दुसऱ्या मेललाच. वकील, डॉक्टर, सरकारी कचेरी आणि जुन्या वळणाचे प्राध्यापक यांच्याकडे हा काळ बराच लांबतो, कधी कधी तो संपतच नाही. आणि ‘लेइ’ म्हणजे थंडपणा असंही नाही. वीस वर्षं एकमेकांना ‘लेइ’ म्हणत दर ख्रिसमसला केक पाठवणारी माणसं मला माहीत आहेत.

तर मग तुमच्याकडची चिन्हं काय सांगतात? तुम्ही दोन दिलीत. पहिलं नाव घालून ‘बुओनजोर्नो’ हे मला फारसं विश्वासाचं वाटत नाही. कारण साधं आहे: आपल्या नावातलं कुठलं पहिलं आणि कुठलं आडनाव, हे इटालियन माणसाला कळत नाही. त्यात त्यांच्याकडे सरकारी कागदांवर आडनाव आधी लिहायची सवय, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. ‘सिन्योर’ लिहावं की ‘सिन्योरा’ हेही अनोळखी नावावरून ठरवता येत नाही. मग जे नाव हाताशी लागेल ते घालून ‘बुओनजोर्नो’ लिहिणं ही सुरक्षित पळवाट असते. शिवाय पहिलं नाव आणि ‘लेइ’ एकत्र हा एक टिकाऊ टप्पा आहे. तिथे माणसं आरामात मुक्काम ठोकतात.

सहीत फक्त पहिलं नाव, हे त्याहून बरं चिन्ह. पण बघा, ते हाताने लिहिलेलं आहे का? खाली कंपनीची ठरलेली सही, त्यात पूर्ण नाव, हुद्दा, फोन, आणि त्याच्या वर त्यांनी स्वतः टाइप केलेलं नुसतं पहिलं नाव असेल, तर ते मुद्दाम केलेलं आहे. तीन-चार मेलमध्ये सलग असेल तर आणखी चांगलं.

पण मी सगळ्यात आधी बघते ते वेगळंच. त्यांचे शेवटचे पाच मेल उघडा आणि त्यांत तुम्हाला उद्देशून आलेलं प्रत्येक सर्वनाम आणि क्रियापद शोधा. ज्याला ‘लेइ’ अवघड वाटायला लागलेलं असतं आणि ‘तू’ म्हणायचा धीर होत नसतो, तो माणूस दोन्ही टाळायला लागतो. वाक्यं अशी होतात:

```
Tutto bene?
Ecco la fattura.
Grazie mille per la risposta!
Ci sentiamo la settimana prossima.
```

सगळं ठीक? हे बिल. उत्तराबद्दल खूप आभार. पुढच्या आठवड्यात बोलू. यात ‘तू’ किंवा ‘लेइ’ कुठे आहे? कुठेच नाही. आपल्याकडे नव्या सुनेला नवऱ्याच्या मोठ्या चुलतभावाला काय म्हणावं कळत नाही, मग ती ‘चहा ठेवलाय’ एवढंच म्हणते, तसं. सात महिन्यांपूर्वीच्या मेलमध्ये त्याच बाई नीट ‘ले’ आणि ‘सुआ’, म्हणजे ‘आपल्याला’ आणि ‘आपली’, लिहीत असतील आणि आता टाळत असतील, तर दार आतून उघडलेलं आहे. सोबत शेवटचं औपचारिक ‘कोर्दियाली सालुती’ जाऊन जवळिकीचं ‘उन कारो सालुतो’ किंवा ‘आ प्रेस्तो’ आलं असेल, उद्गारचिन्हं वाढली असतील, ऑगस्टच्या सुट्टीचा विषय त्यांनी स्वतःहून काढला असेल, तर आता वाट बघू नका.

याउलट पाचही मेलमध्ये ठसठशीत ‘ले कॉन्फेर्मो’, ‘ला रिंग्रात्सियो’, म्हणजे ‘आपल्याला खात्री देते’, ‘आपले आभार मानते’, आणि त्यातलं पहिलं अक्षर नेमाने मोठं, असं दिसलं तर आणखी दोन महिने जाऊ द्या. वाक्याच्या मध्येही ते अक्षर मोठं लिहिणं हल्ली सक्तीचं नाही. जे लिहितात ते ठरवून लिहितात.

कधी कधी एखादा इटालियन ‘ती’, म्हणजे ‘तुला’, चुकून निसटतो. म्हणजे ‘ले’च्या जागी त्यांनी ‘ती मांदो’, तुला पाठवते, असं लिहिलेलं असतं. त्यावर लगेच झडप घालू नका. त्यांनी त्याच सकाळी दहा सहकाऱ्यांना तशाच मेल पाठवलेल्या असतात. दुसऱ्यांदा आला तर धरा.

आता वेळ. माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे मुद्दा पटेल. मिलानमधल्या माझ्या दुसऱ्या वर्षी एका वयस्कर इंजिनियरशी माझा बराच पत्रव्यवहार चालू होता. त्याच्या कंपनीकडे माझं एक बिल सहा आठवडे थकलं होतं. मी आठवण करून देणारा मेल लिहिला. तो फार कोरडा वाटला, म्हणून शेवटी मोठ्या उत्साहाने ‘आता आपण तू म्हणूया का’ असं जोडून दिलं. पैसे आठ दिवसांत आले. उत्तरात फक्त बिलाचा उल्लेख, आणि भाषा आधीपेक्षा जास्त औपचारिक. पुढे त्याच्या सहकाऱ्याने हसत हसत सांगितलं की साहेबांना वाटलं, बाई पैशासाठी लोणी लावतेय. त्या माणसाला मी शेवटपर्यंत ‘लेइ’च म्हटलं.

म्हणून हा प्रस्ताव ज्या मेलमध्ये काहीही मागायचं नाही अशाच मेलमध्ये घाला. भावाची घासाघीस, उशिराची तक्रार, सवलत, थकलेलं बिल, यांतलं काही त्यात नको. कॉपीत तिसरं माणूसही नको. त्यांचा साहेब कॉपीत असेल तर त्यांना तुमच्याशी नाही तर साहेबासमोर उत्तर द्यावं लागतं, आणि तिथे ‘नाही’ म्हणणंही अवघड, ‘हो’ म्हणणंही. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे एखादं काम नीट पार पडल्यानंतरची. तुमच्या बाबतीत, माल न्हावा शेवाला सुटून इचलकरंजीत पोचला, खोकी उघडली, सगळं बरोबर निघालं, तो दिवस.

मेल असा असू दे:

```
Gentile dottoressa,
i ricambi sono arrivati giovedì, tutto in ordine.
La ringrazio per la pazienza con i documenti.

Ormai ci scriviamo da mesi: se per Lei va bene,
potremmo darci del tu.

Un cordiale saluto
```

सुटे भाग गुरुवारी पोचले, सगळं व्यवस्थित आहे, कागदपत्रांच्या बाबतीत तुम्ही जो धीर धरलात त्याबद्दल आभार. आणि मग ते वाक्य: आता आपण कित्येक महिने एकमेकांना लिहितोय, आपल्याला चालणार असेल तर एकमेकांना तू म्हणता येईल.

सुरुवातीचं संबोधन तुम्ही आजवर जे लिहीत आलात तेच ठेवा. इटलीत पदवी घेतलेल्या कोणालाही ‘दोत्तोरे’ किंवा ‘दोत्तोरेस्सा’ म्हणतात, त्याचा डॉक्टरकीशी संबंध नाही. त्या स्वतः तशी सही करत नसतील तर ‘सिन्योरा’ आणि आडनाव. पूर्ण मेल ‘लेइ’तच आहे हेही लक्षात घ्या, प्रस्तावाचं वाक्यसुद्धा. करार अजून झालेला नाही, तोवर जुनाच नियम. वर ‘काराऽऽ’, म्हणजे प्रिय, म्हणून पहिलं नाव आणि खाली ‘चालेल का?’ असं लिहिणं म्हणजे चपला घालून देवघरात जाऊन मग विचारणं.

वाक्यातले चार तुकडे मी मुद्दाम निवडले आहेत. ‘ओर्माई’ म्हणजे ‘आता तर, एव्हाना’. त्याने कारण तुमच्या इच्छेवर राहत नाही, गेलेल्या काळावर जातं. ‘से पेर लेइ वा बेने’, आपल्याला चालणार असेल तर, याने वयाचा मान राखला जातो. निर्णय त्यांच्याकडे गेला. ‘पोत्रेम्मो’ हे ‘करू शकू, करता येईल’ असं मऊ रूप आहे. आणि शेवटचं ‘दार्ची’, त्यात ‘एकमेकांना’ आलं.

याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नाही, हेही मुद्दाम. प्रश्न विचारला की उत्तर द्यावंच लागतं. विधान केलं की ज्याला नको आहे तो शांतपणे पुढे जाऊ शकतो, आणि दोघांचीही पत राहते. माझ्या काही विद्यार्थ्यांना हे फार भित्रं वाटतं. त्यांना मी म्हणते, दार लोटून ठेवा, कडी वाजवू नका.

आता नको असलेली दोन वाक्यं, कारण पुस्तकांत हीच आधी भेटतात:

```
Posso darti del tu?
Le dispiace se Le do del tu?
```

पहिल्यात ‘तुला तू म्हणू का’ असं विचारताना ‘तुला’ आधीच म्हणून झालेलं आहे. चहाच्या टपरीसारख्या त्यांच्या बारमध्ये, समवयस्क माणसाला, हसून म्हटलं तर हे अगदी रोजचं वाक्य आहे. तिथे चेहरा मदतीला असतो. मेलमध्ये चेहरा नसतो. दुसरं व्याकरणाने सभ्य आहे, पण त्याचा अर्थ ‘मी आपल्याला तू म्हटलं तर राग येईल का’. मी म्हणणार, तुम्ही काय म्हणायचं ते सांगितलेलंच नाही. म्हणजे करार एकतर्फी झाला, आणि तोही चुकीच्या बाजूने.

आणखी एक मार्ग मराठी माणसाला आपोआप सुचतो: ‘मी लहान आहे, मला अहो-जाहो नका करू.’ इटालियनमध्ये तेही आहे:

```
Mi dia pure del tu.
```

मला खुशाल तू म्हणा. एखाद्या विद्यार्थ्याने साठीच्या प्राध्यापकाला हे म्हणणं गोड वाटतं. बहुधा उत्तर येतं की मग आपण दोघंही म्हणूया. पण तुम्ही गिऱ्हाईक आहात. त्या तुम्हाला एकट्यानेच ‘तू’ म्हणून तुमच्याकडून ‘लेइ’ घेत राहतील हे त्यांच्या ऑफिसात शोभणार नाही. म्हणजे तुम्ही त्यांना अशी भेट देताय की जी त्यांना घेता येत नाही. आणि चौतीस हे काही लहान वय नाही, माफ करा.

मेल पाठवला. आता उत्तर तीनपैकी एका तऱ्हेचं येईल.

बहुतेक वेळा ते असं असतं:

```
Ciao! Ma certo, volentieri!
```

अगदी, आनंदाने! यानंतर खरी परीक्षा सुरू होते, कारण सात महिने तुमचा हात तृतीय पुरुषात घडलेला आहे. नुसतं ‘लेइ’ काढून ‘तू’ घालून भागत नाही. इटालियनमध्ये ते सर्वनाम बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. ते क्रियापदाच्या शेवटात आणि छोट्या छोट्या शब्दांत लपलेलं असतं. हाच मजकूर आधी तुम्ही असा लिहीत होतात:

```
Le invio in allegato il nuovo ordine.
Quando pensa di potermi confermare i tempi?
Mi faccia sapere.
```

आता तो असा होईल (समजा त्यांचं नाव पाओला आहे):

```
Ciao Paola,
ti mando in allegato il nuovo ordine.
Quando pensi di potermi confermare i tempi?
Fammi sapere.
A presto
```

नवी ऑर्डर सोबत पाठवतोय, मुदत कधी नक्की करता येईल, कळव. ‘ले’ची ‘ती’ झाली, ‘पेन्सा’चं ‘पेन्सी’. ‘मी फाच्चा सापेरे’ उलटून ‘फाम्मी सापेरे’ झालं: आज्ञार्थात ‘मला’ हा शब्द ‘लेइ’बरोबर पुढे उभा असतो आणि ‘तू’बरोबर मागे चिकटतो. ‘इन्वियो’च्या जागी मी ‘मांदो’ घातलं, अर्थ तोच, पण घरगुती. ‘माफ करा’चं जुनं ‘स्कूझी’ आता ‘स्कूझा’, ‘ऐका’चं ‘सेन्ता’ आता ‘सेन्ती’. गंमत अशी की नेमकी ही रूपं आपण ‘लेइ’तली पाठ केलेली असतात, कारण पर्यटकांच्या पुस्तकांत तीच असतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही:

```
Ti ringrazio per la Sua risposta.
```

अर्धं वाक्य तू, अर्धं आपण. ‘तुझे आभार, आपल्या उत्तराबद्दल.’ वाईट म्हणजे ‘सुआ’चा अर्थ ‘तिच्या’ असाही होतो, त्यामुळे वाचणारी क्षणभर विचारात पडते की आणखी कोणाचं उत्तर आलंय. इथे ‘तुआ’ हवं. पहिले दोन-तीन महिने मेल पाठवण्याआधी फक्त एवढ्यासाठी एकदा वाचा: ‘ले’, ‘ला’, ‘सुओ’, ‘सुआ’ कुठे राहिलेत का, आणि त्यातला प्रत्येक तुमच्या बाईंसाठी आहे की खरंच तिसऱ्या कोणासाठी.

दुसरी अडचण व्याकरणाची नाही. ‘तू’ मिळालं की आपले लोक एकदम सरळ आज्ञा करायला लागतात: ‘मांदामी ला फात्तुरा’, बिल पाठव. चालतं, पण घाईत असलेल्या सहकाऱ्यासारखं वाटतं. सभ्यपणा आता सर्वनामात उरला नाही, तो क्रियापदात ठेवायचा:

```
Quando puoi, mi manderesti la fattura?
```

जमेल तेव्हा बिल पाठवशील का. यात ‘तू’ आहे आणि मानही आहे. मराठी मैत्रिणीला आपण हेच म्हणतो.

त्यांनी ‘हो’ म्हटलं आणि पुढच्याच मेलमध्ये पुन्हा ‘ले कॉन्फेर्मो’ लिहिलं, तर मनाला लावून घेऊ नका. हाताची सवय असते, कधी जुना मजकूर चिकटवलेला असतो. तुम्ही ‘तू’च ठेवा. तुम्हीही घाबरून ‘लेइ’वर गेलात तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

दुसरी तऱ्हा: उत्तर येतं, कामाचं सगळं असतं, ‘लेइ’तच, आणि तुमच्या प्रस्तावाबद्दल एक अक्षर नाही. याचा अर्थ ‘आत्ता नको’ असा धरा. कदाचित त्यांनी वाचलंच नसेल. पण लेखी दुसऱ्यांदा विचारू नका. ‘माझा मागचा मुद्दा बघितलात का’ हे तर अजिबात नको. दुसरी संधी फोनवर किंवा यंत्रांच्या प्रदर्शनात समोरासमोर मिळते. आवाज असला की हे सगळं दहा सेकंदांत होऊन जातं, आणि तिथे बहुधा त्याच आधी म्हणतील. तसं झालं तर परत आल्यावर पहिल्या मेलमध्ये सरळ ‘चाओ पाओला’ लिहा, उगाच पुन्हा ठराव नको.

तिसरी तऱ्हा विरळा, पण येते: ‘मला लेइच बरं वाटतं, सवय आहे.’ त्यावर एक ओळ पुरते.

```
Certamente, nessun problema.
```

नक्कीच, काही हरकत नाही. माफी मागू नका. माफी मागितली की त्यांना वाटतं, आपण तुमचं मन दुखावलं, आणि मग त्या समजूत काढायला लागतात. पुढचं वाक्य मालाबद्दल लिहा.

एक शेवटचं, कारण ‘तू’ झाल्यावर तीन महिन्यांनी तुम्ही हेच विचारायला परत याल. त्यांचा साहेब किंवा तुमचा मालक कॉपीत आला तर काय? त्यांना एकट्याला लिहिताना ‘तू’च. सगळ्यांना मिळून लिहिताना अनेकवचन, ‘वी रिंग्रात्सियो’, तुम्हा सगळ्यांचे आभार, त्यात कोण तू आणि कोण लेइ हा प्रश्नच उरत नाही. अनेकवचन ही इटालियन ऑफिसची मोठी सोय आहे. आणि कधी माल खराब आला, रीतसर तक्रार करावी लागली, तर ती कंपनीच्या नावाने, कंपनीच्या भाषेत वेगळ्या पत्रात जाऊ द्या. बाईंना मात्र त्याच दिवशी ‘तू’मध्ये दोन ओळी लिहा की असं असं पत्र पाठवलंय. रागाच्या भरात त्यांना एकदम ‘लेइ’ लिहिलंत, तर दार आपटल्यासारखं ऐकू जातं, आणि मग सुटे भाग वेळेवर येण्याची वाट बघा.